दोन्ही भाडेकरूंना भेटलेला एकच माणूस

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या काही गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची एक बैठक झाली. तिथे एका अनुभवी सचिवांनी आपलं म्हणणं ठामपणे मांडलं, आणि बरेच जण माना डोलावत होते. त्यांचं म्हणणं असं: थकबाकी माणसावर नसते, जागेवर असते. मग ती विजेची असो की मेंटेनन्सची. जुना भाडेकरू बिल बुडवून गेला, आता दारावर नवा भाडेकरू आहे, तर भरायचं त्यानेच. नंतर त्याने मालकाशी काय तो हिशेब करावा. मालक असतो परदेशात किंवा पुण्याला, फोन उचलत नाही. संस्थेने आणि वीज कंपनीने त्याच्या मागे किती धावायचं?

हे म्हणणं मला मान्य नाही. त्यातला एक भाग अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा खरेपणाच भाडेकरूंना महागात पडतो. म्हणून हा प्रतिवाद.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. जुना भाडेकरू आणि नवा भाडेकरू एकमेकांना कधीच भेटलेले नसतात. वीज कंपनीला दोघांची नावंही ठाऊक नसतात, कारण मीटर मालकाच्या नावावर असतं. जुन्याचं सामान निघताना त्याच्याशी हिशेब करणारा, त्याची अनामत रक्कम हातात असणारा आणि नव्याशी करार करणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक. मीटरवरचा आकडा पाहून अनामतीतून पैसे वळते करून घेण्याची संधी फक्त त्याला होती. नव्या भाडेकरूला ती एका क्षणासाठीही मिळाली नव्हती. मग चुकीची किंमत त्याच्या माथी का?

माझ्या भाचीवर हा प्रसंग आला, तेव्हा मी त्या कागदांत पुरता उतरलो. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिने आणि तिच्या नवऱ्याने अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतलं. 1 जूनला राहायला गेले. इमारत इतकी जुनी की मीटर तळमजल्यावर एकत्र नव्हते, ज्याचं त्याच्या घरातच दारामागे. सवय म्हणून तिने सामान उतरवायच्या आधी मीटरचा फोटो काढला. आकडा होता 8,412. जूनच्या मध्यावर बिल आलं, 17,860 रुपयांचं. थकबाकीच्या रकान्यात होते 2,130. उरलेले 15,730 चालू महिन्याचे.

इथेच बहुतेक जण फसतात. लोक थकबाकीचा रकाना पाहतात, आणि चालू महिन्याचा आकडा आपलाच असणार असं समजतात. भाचीला मालकाने फोनवर हेच सांगितलं. म्हणाला, "ताई, दोन हजार मी देतो, बाकीचं तर तुमच्याच महिन्याचं आहे." खरं तर पंधरा हजारांच्या त्या आकड्यातही जवळपास सगळी मागचीच वीज होती.

बिलावर मागचं रीडिंग होतं 6,930 आणि चालू रीडिंग 8,452. एका महिन्यात 1,522 युनिट. रीडिंगपर्यंत पाच दिवस राहिलेल्या दोघांच्या घरात, एसीसुद्धा नसताना! मागची बिलं मागवून पाहिल्यावर उलगडा झाला. आधी तिथे राहणारी मुलं सकाळी बाहेर पडत ती रात्रीच येत. रीडिंग घेणारा आला की दार बंद. मीटर घरात, म्हणून त्या महिन्याच्या नोंदीत ‘लॉक’ असा शेरा पडायचा आणि कंपनी सरासरीने साठ युनिटांचं बिल काढायची. असे पाच महिने गेले. खरी वीज मीटरमध्ये साचत राहिली. जूनमध्ये भाचीने दार उघडलं, रीडिंग घेणाऱ्याने खरा आकडा टिपला, आणि सहा महिन्यांचा वापर एकाच बिलात, चालू बिल म्हणून, बाहेर आला. वापर जुन्या मुलांचा, आणि तो ज्या बिलात उतरला त्या महिन्यात राहणारी भाची.

तिच्या फोटोतला 8,412 हा आकडा नसता तर हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. फोटो होता, म्हणून गणित सोपं झालं. 8,452 वजा 8,412, तिचे युनिट चाळीस. बाकीचे 1,482 आधीचे. अशी साचलेली वीज बिलात उतरली की आणखी एक गोष्ट तपासावी लागते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, मग 300 पर्यंतचा, मग 500 पर्यंतचा, आणि त्यावरचा सगळ्यांत जास्त. सहा महिन्यांचे युनिट सहा महिन्यांत विभागले तर बहुतेक वापर खालच्या टप्प्यांत बसतो. एकाच महिन्यात धरला तर मोठा भाग सर्वांत वरच्या दराने लागतो. विभागणी झाली आहे का आणि सरासरीने आधी आकारलेली रक्कम वळती झाली आहे का, हे उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारता येतं.

आता सचिवांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. थकबाकी जागेवर असते, हे कुठून आलं? ते हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2005 च्या वीज पुरवठा संहितेत विनियम 10.5 असा आहे की जागेच्या आधीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने न भरलेली वीज थकबाकी नव्या मालकाकडून किंवा नव्या भोगवटादाराकडून वसूल करता येईल. 2021 च्या संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. सचिव एवढ्यावरच थांबतात. पण त्याच विनियमात पुढे एक मर्यादा आहे. कनेक्शन कायदेशीर वारसाकडे जात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नव्या माणसावर येणारा बोजा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरता. तीन वर्षांची थकबाकी दाखवून नव्या माणसाकडे पूर्ण रक्कम मागणाऱ्याने ही ओळ वाचलेली नसते.

दुसरं, ही तरतूद प्रामुख्याने कनेक्शन हस्तांतरित होताना कामाला येते. मालक बदलला, किंवा भाड्याने घेतलेल्या दुकानात भाडेकरूने मीटर स्वतःच्या नावावर मागितलं, की मग कंपनी जुनी बाकी पुढे ठेवते. दुकानं आणि गाळे भाड्याने घेणाऱ्यांनी म्हणूनच जास्त सावध राहावं. जुनं कनेक्शन कायमचं खंडित झालेलं असेल आणि नवं हवं असेल, तर थकबाकी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. भाचीच्या बाबतीत असं काहीच नव्हतं. मीटर मालकाच्या नावावर होतं आणि तसंच राहिलं. कंपनीच्या दप्तरात ग्राहक म्हणून तोच होता, आजही तोच आहे.

कोणी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ, 19 मे 2023. त्या निकालाने कंपनीची बाजू बळकट केली, हे मी नाकारत नाही. जुनी बाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी वीज देणार नाही, अशी अट नियमांत घालता येते, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्या प्रकरणांतले लोक कोण होते, हेही पाहा. लिलावात जागा जशी आहे तशी विकत घेणारे, आणि मग त्या जागेला वीज मागणारे खरेदीदार. जागा घेताना काय बाकी आहे हे शोधण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. शिवाय त्याच निकालात हेही स्पष्ट केलं आहे की थकबाकी आपोआप मालमत्तेवरचा बोजा होत नाही. त्यासाठी कायद्यात किंवा नियमांत तशी तरतूद असावी लागते. म्हणजे ‘जागेवर चढते’ हे ब्रह्मवाक्य नाही, ती एका विशिष्ट नियमाची देणगी आहे आणि त्या नियमाला सहा महिन्यांचं कुंपण आहे. अकरा महिन्यांच्या करारावर दोन खोल्या घेतलेल्या माणसाला लिलावातल्या खरेदीदाराच्या रांगेत बसवणं चूक आहे.

सचिवांचं अर्धं खरं म्हणजे हे. कंपनीच्या हातात वायर आहे. बाकी कोणाचीही असो, बिल न भरल्यास विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 खाली पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ती पुरवठा तोडू शकते, आणि अंधारात बसतो तो आत राहणारा. ‘देणं कोणाचं’ आणि ‘वीज कोणाची तुटते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सचिवांनी दुसऱ्याचं उत्तर घेऊन पहिल्यावर चिकटवलं. माझा खरा आक्षेप या गल्लतीवर आहे. वीज भाडेकरूची तुटते म्हणून देणं भाडेकरूचं होत नाही.

त्याच कलम 56 मध्ये एक परंतुक आहे. वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरी आकाराने काढलेली दरमहाची रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. भाचीने तेच केलं. सोबत अर्ज दिला, मीटरचा फोटो, करारातली ताबा घेतल्याची तारीख आणि मागच्या बिलांच्या प्रती जोडल्या. उपविभागात उत्तर मिळालं नसतं तर पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंचाची, आणि त्यानंतर विद्युत लोकपालाची होती. तिथवर जावं लागलं नाही.

आणि समजा पूर्ण रक्कम भरूनच वीज वाचवावी लागली असती, तरी? तरीही ते पैसे तिच्या पदरचे गेले नसते. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 69 मध्ये एक साधं, शहाणं तत्त्व आहे. दुसऱ्याने कायद्याने द्यायचे असलेले पैसे, ते भरण्यात स्वतःचं हित असल्यामुळे एखाद्याने भरले, तर त्या दुसऱ्याने ते परत द्यावेत. घरात राहणाऱ्याला वीज हवी, हे त्याचं हित. बाकी मालकाची, हे त्याचं देणं. पावतीवर ग्राहक क्रमांक मालकाचाच छापलेला असतो. ज्यांच्याकडे खऱ्या अर्थाने भाडेपट्टा आहे, त्यांना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 108 ने आणखी पुढचा हक्क दिला आहे. मालकाने द्यायचं आणि न दिल्यास भाडेकरूकडून किंवा जागेवर वसूल होऊ शकेल असं देणं भाडेकरूने भरलं, तर ते व्याजासह भाड्यातून कापून घेता येतं.

इथे एक सावधगिरी मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडचे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून लिव्ह अँड लायसन्सचे असतात. कायद्याच्या भाषेत तो केवळ राहण्याचा परवाना. त्यामुळे कलम 108 चा भाडं कापण्याचा हक्क तिथे सरळ लागू पडत नाही. कोणाला न विचारता भाडं कापलं, तर ‘भाडं थकवलं’ म्हणून करार संपवण्याचं निमित्त मालकाला मिळतं. कलम 69 मात्र करार कोणत्याही प्रकारचा असला तरी आहे. म्हणून आधी मालकाला लेखी कळवा, रक्कम किती आणि कशी आली हे रीडिंगसह मांडा, मुदत द्या, आणि भाड्यात वळतं करायला त्याचा होकार लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकारही चालतो. पण तो असलाच पाहिजे.

बैठकीत असंही ऐकलं की करारातच लिहिलेलं असतं, वीजबिल भाडेकरूने भरायचं. अगदी बरोबर. पण ते कलम पूर्ण वाचा. नोंदणीच्या ऑनलाइन मसुद्यात बहुधा असंच असतं की जागेत वापरलेल्या विजेचं बिल परवाना घेणाऱ्याने भरावं. करार सुरू होण्याआधी त्याने ती जागा वापरलेलीच नाही, मग ती वीज कशी वापरणार? आणि त्याच मसुद्यात दुसरं कलम असतं, जे संस्थांचे पदाधिकारी विसरतात: मेंटेनन्स, कर, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस यांसारखी जागेची सगळी देणी मालकाने द्यायची.

आता संस्थेच्या थकबाकीकडे. भाचीचं सामान घेऊन टेम्पो फाटकाशी उभा होता, तेव्हा पहारेकऱ्याने याच सचिवांचा निरोप दिला. या फ्लॅटचा मेंटेनन्स आठ महिने थकलेला आहे, तो भरल्याशिवाय लिफ्ट मिळणार नाही. सुदैवाने चौथा मजला होता आणि हमाल भले होते. सामान जिन्याने वर गेलं.

विजेच्या बाबतीत निदान ‘भोगवटादार’ हा शब्द तरी नियमात आहे. संस्थेच्या थकबाकीबाबत तेवढाही आधार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे संस्थेचं नातं सभासदाशी. मेंटेनन्सचं बिल सभासदाच्या नावे निघतं, व्याज त्याच्यावर लागतं, आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के. थकल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 154ब-29 खाली निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी सभासदाकडून वसूल होते. त्याच्या फ्लॅटवर जप्तीही येऊ शकते. भाडेकरू सभासद नाही. त्याला मतदान नाही, सभेत बोलता येत नाही, सिंकिंग फंड किती असावा हे तो ठरवत नाही. ज्या कुटुंबात त्याला स्थान नाही, त्याचं कर्ज तो का फेडेल?

मालक परदेशात आहे म्हणून वसुली होत नाही, असं सचिव म्हणतात. पण वसुली दाखल्यासाठी मालक जागेवर असावा लागत नाही. फ्लॅट जागेवर आहे, तो कुठे जाणार? शिवाय मालक फोन उचलत नसला, तरी भाडेकरू त्याला दरमहा पैसे देतोच. वसुली अधिकाऱ्याने त्या भाड्यावर जप्तीचा आदेश काढला, तर भाडेकरूने भाडं त्या आदेशाप्रमाणे भरावं, आणि भाचीनेही आनंदाने भरलं असतं. तेव्हाही तो मालकाचाच पैसा असतो, भाड्याच्या वर एक रुपयाही नाही. सचिवांना तो मार्ग नको, कारण त्यात अर्ज आहे, सुनावणी आहे, काही महिने आहेत. फाटकावर टेम्पो अडवण्यात पाच मिनिटं लागतात. सोय मी समजू शकतो. पण सोय म्हणजे हक्क नव्हे.

आणि जो फ्लॅट भाड्याने दिला जातो, त्याच्या सभासदाकडून संस्था नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतेच. 2001 च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच मर्यादित केले आहेत. म्हणजे भाडेकरू ठेवल्याबद्दलचं जे काही जास्तीचं द्यायचं, तेही सभासदाकडूनच घ्यायचं असं ठरलेलं आहे. जुन्या थकबाकीसाठी नव्या भाडेकरूची लिफ्ट, पाणी किंवा गाडी ठेवण्याची जागा रोखण्याचा अधिकार आदर्श उपविधींत मला कुठेही सापडलेला नाही. सचिवांकडे तसं कलम असेल, तर त्यांनी त्याचा क्रमांक पुढच्या बैठकीत सांगावा.

सचिवांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. थकवणाऱ्या सभासदामुळे बाकीचे प्रामाणिक सभासद भरडले जातात. पंपाचं बिल, सफाईवाल्याचा पगार, लिफ्टची देखभाल कोणाची वाट पाहत नाही. हा अन्याय खराच. पण त्याची दुरुस्ती अन्याय करणाऱ्याकडून व्हायला हवी. दाराशी आयता सापडला म्हणून तिसऱ्याच्या खिशात हात घातला, तर थकवणाऱ्या मालकाला एकच धडा मिळतो: बाकी तशीच ठेव, पुढचा भाडेकरू ती फेडून देईल. असा मालक पुढल्या वेळी तरी का भरेल?

भाचीचं प्रकरण शेवटी असं मिटलं. मी तिला एक पानभर पत्र लिहून दिलं. त्यात चार तारखा, तीन रीडिंग आणि कलम 69 होतं, बाकी काही नाही. मालकाला ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने गेलं. तो आधी भडकला. जुन्या मुलांची अनामत त्याने केव्हाच परत केली होती, मीटर न बघता. तेवढ्यात कंपनीकडूनही उत्तर आलं की युनिटांची विभागणी करून बिल दुरुस्त होईल. ते उत्तर हातात आल्यावर मालकाने दुरुस्त बिलातला आपला वाटा भरला, आणि भाचीने हरकत नोंदवून भरलेले पैसे, तिचे चाळीस युनिट वजा करून, पुढच्या भाड्यात वळते करायला लेखी होकार दिला. संस्थेच्या थकबाकीचं पत्रही त्याला गेलं. त्यावर तो अजून गप्प आहे. सचिवांनी निबंधकाकडे अर्ज केलेला नाही. मी तो त्यांना कोऱ्या कागदावर लिहून द्यायला तयार आहे, असं मी त्यांना बैठकीतच सांगितलं.

भाचीने करार पुढे वाढवला, तेव्हा नव्या कागदात तिच्या आग्रहाने एक ओळ वाढली: अमुक तारखेला मीटरचं रीडिंग अमुक, त्याआधीची सर्व वीज व संस्थेची देणी मालकाची. खाली दोघांच्या सह्या आहेत.